साहेबांच्या कानावर घालायची गोष्ट

बाहेरून ऑफर आली आहे हे साहेबांना सांगायचं, पण ते धमकीसारखं वाटू द्यायचं नाही. ही अडचण मोठ्या शहरातल्यापेक्षा आपल्या खान्देशात जास्त अवघड होते. जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा भुसावळला एकाच धंद्यातली माणसं एकमेकांना लग्नात भेटतात, एकाच कन्सल्टंटकडून माणसं घेतात आणि एकमेकांच्या पगाराचे आकडे त्यांना बऱ्यापैकी ठाऊक असतात. इथे बोललेला शब्द पुसला जात नाही. शिवाय बरेच कारखाने घरच्या मालकीचे. साहेब हा मधला माणूस, आणि शेवटी 'हो' म्हणणारे शेठ. म्हणून साहेबांशी बोलताना एक गोष्ट सतत डोक्यात ठेवायला हवी: आपण जे सांगतोय ते साहेबांना पुढे शेठकडे त्यांच्या शब्दांत सांगायचं आहे. त्यांना सांगता येईल असं बोलणं, एवढंच खरं कसब.

एक उदाहरण घेऊन पूर्ण हिशोब करू. समजा, जळगाव एमआयडीसीतल्या पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात क्यूसी लॅब सांभाळणारा एक इंजिनीअर आहे. नोकरीला सव्वाचार वर्षं झाली. बेसिक २०,०००, एकूण पगार ३८,०००. पीएफचे २,४०० आणि व्यवसाय कराचे २०० कापून हातात ३५,४०० येतात. राहायला वडिलांचं घर. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या एका कंपनीने त्याला ७ लाख २० हजारांच्या सीटीसीचं पत्र दिलं. इथली सीटीसी, म्हणजे पगार, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद मिळून, ५ लाखांच्या जरा आत बसते. कागदावर ही झेप ४५ टक्क्यांची. अशा वेळी माणूस हवेत चालायला लागतो आणि तसाच साहेबांच्या केबिनमध्ये शिरतो. तिथेच पहिली चूक होते, कारण ७ लाख २० हजार हा पगाराचा आकडा नसतोच.

पत्राच्या शेवटच्या पानावरचा तक्ता उघडावा. बेसिक ३०,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला ४३,२००, तोही सीटीसीतच धरलेला. बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे १७,३१६, तीही आत. व्हेरिएबल ६०,०००, वर्षातून एकदा, कंपनीच्या आणि आपल्या कामगिरीवर. हे सगळं वजा केलं की वर्षाला ५ लाख ९९ हजार ४८४ उरतात, महिन्याला जवळपास ४९,९५७. त्यातून स्वतःचा पीएफ ३,६०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ४६,१५७. या पगारावर नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही, ते एक बरं. आता संभाजीनगरला दोन खोल्यांचं भाडं ११,००० धरा, महिन्यातून दोनदा घरी येण्याजाण्याचे आणि किरकोळ २,५०० धरा. उरले ३२,६५७. आज घरी राहून हातात ३५,४०० आहेत. म्हणजे खिशातली रक्कम दोन हजार सातशेने कमीच झाली. पीएफमध्ये दोन्ही वाटे मिळून महिन्याला २,४०० जास्त जमतील, आणि व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर महिन्याला ५,००० चा हिशोब. सगळं मनासारखं झालं तर खरा फायदा महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास.

हा हिशोब करण्याचं कारण ऑफर नाकारणं नव्हे. अनुभव, मोठी कंपनी, पुढची वाट हे सगळं वेगळं मोजायचं. पण साहेबांसमोर आपली मागणी कुठल्या आकड्यावर उभी आहे, ते आपल्याला स्वतःला माहीत हवं. या माणसाची खरी मागणी पन्नास हजारांची नाही. इथे एकूण पगार ४३,००० झाला आणि बेसिक २२,००० झाला तर पीएफ २,६४० कापून हातात ४०,१६० येतात आणि वाळूजचं पारडं मनातून हलकं होतं. कंपनीला हे वर्षाला साधारण ६४ हजारांना पडतं. आता ही गोष्ट साहेब शेठकडे नेऊ शकतात. बारा हजारांची वाढ ते नेऊ शकत नाहीत, कारण मग शेजारच्या टेबलावरचा माणूसही उद्या दारात उभा राहणार, हे त्यांना आधी दिसतं.

आणखी एक आकडा याच वहीत लिहून ठेवावा, पण तो साहेबांना सांगायचा नाही. कायम माणसाला ग्रॅच्युइटी पाच वर्षं सलग झाल्यावर मिळते. बेसिक २०,००० धरलं तर १५ भागिले २६ गुणिले २०,००० गुणिले ५, म्हणजे ५७,६९२ रुपये. सव्वाचार वर्षांवर सोडणारा हे पैसे नऊ महिन्यांसाठी सोडतो. हे आपल्या निर्णयात धरायचं. साहेबांना सांगितलं तर त्याचा अर्थ एवढाच निघतो की हा नऊ महिने कुठे जात नाही.

हिशोब झाला की स्वतःला एक प्रश्न विचारावा: साहेब 'नाही' म्हणाले तर मी जाणार का? उत्तर 'नाही, इथेच राहणार' असेल तर ऑफरचा उल्लेखच करू नये. पगाराबद्दल बोलावं, ऑफरशिवाय बोलावं. कारण उल्लेख करून नंतर इथेच राहिलात तर पुढच्या वेळी तुमच्या कुठल्याच बोलण्याला वजन राहत नाही. उत्तर 'काहीही झालं तरी जाणार' असेल तर कानावर वगैरे घालणं हा निव्वळ देखावा आहे, सरळ राजीनामा द्यावा. हा लेख ज्याचं मन खरोखर मध्ये आहे त्याच्यासाठी: इथलं काही बदललं तर राहायला आवडेल, नाही बदललं तर जाईन. ही तिसरी अवस्था जितकी खरी, तितकं बोलणं सरळ येतं. बोलताना जे अवघड वाटतं ते बहुतेकदा मनातली पहिली किंवा दुसरी अवस्था तिसरीच्या वेषात सादर करताना वाटतं.

पत्र हातात येईपर्यंत तोंड उघडू नये हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. 'एचआरचा फोन आला, फायनल झालंय' याला काही अर्थ नसतो. फोन आणि पत्र यांच्यामध्ये पगाराच्या पावत्या, कागदांची तपासणी, मेडिकल, कधी वरच्या साहेबांची सही, एवढं सगळं असतं आणि त्यात कुठेही गाडी अडते.

आता तारखेचं. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबू.

धमकी म्हणजे तीन गोष्टी एका दमात सांगणं: रक्कम, मुदत आणि नाहीतर काय. 'मला पन्नास हजारांची ऑफर आहे, सोमवारपर्यंत कळवायचंय, तुम्ही काही केलं नाही तर जावं लागेल.' यातला एकही शब्द उर्मट नाही, आवाज कितीही मऊ ठेवा, तरी ऐकणाऱ्याच्या मानेवर सुरी आलीच. तिन्ही गोष्टी एका दिवशी सांगायच्या नाहीत, हा पहिला उपाय. पण त्यासाठी आधी दिवस हाताशी हवेत. ऑफरच्या पत्रावर बहुधा पाच ते सात दिवसांची मुदत असते. मंगळवारी पत्र आलं, पुढच्या सोमवारी उत्तर द्यायचंय, आणि माणूस शनिवारी दुपारी साहेबांकडे जातो. मग शब्द कितीही गोड असले तरी परिस्थितीनेच साहेबांना कोंडीत पकडलेलं असतं. शेठ गावात नाहीत, एचआर रविवारी नाही, मग त्यांनी करायचं काय? म्हणून पत्र आल्याच्या दिवशीच नव्या कंपनीच्या एचआरला फोन करून मुदत वाढवून घ्यावी: 'मॅडम, पत्र मिळालं, धन्यवाद. घरी बोलायचं आहे आणि इथला नोटिस पीरियड बघायचा आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत नक्की कळवतो, चालेल ना?' चार दिवस जास्तीचे बहुतेक ठिकाणी मिळतात. मिळाले की त्याच दिवशी ईमेलवर लिहून घ्यावेत.

तेव्हा आपल्या माणसाकडे मंगळवार ते पुढचा शुक्रवार असे दहा दिवस आले. त्यातला एक जाणार हिशोबात, एक घरच्यांशी बोलण्यात. गुरुवारी साहेबांच्या कानावर घालावं. मग साहेबांकडे आठ दिवस उरतात. शेठशी बोलायला एवढे पुरतात.

वेळ आणि जागा. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बोलू नये. तिथे उभ्या उभ्या बोललं की हलकं वाटतं खरं, पण पलीकडे डिस्पॅचचा माणूस उभा असतोच. व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. लिहिलेलं वाक्य आवाजाशिवाय वाचलं जातं आणि पुढे पाठवलंही जातं. लॅबमध्येच, दुपारी शिफ्ट बदलून गर्दी ओसरली की, साहेब टेस्ट रिपोर्टवर सही करायला येतात ती वेळ उत्तम. काम चाललेलं असतं, दोघांचे हात कशात तरी गुंतलेले असतात, कोणी कोणाच्या समोर खुर्ची ओढून बसलेलं नसतं. फक्त त्या दिवशी नुकती लॉट नापास झालेली नसावी, आणि आयएस ४९८५ च्या तपासणीला बीआयएसचा माणूस येणार असेल तो आठवडा सोडावा. क्यूसीचा माणूस तपासणीच्या तोंडावर ऑफरची गोष्ट काढतो तेव्हा साहेबांना दुसरं काही ऐकूच येत नाही. तेच मार्च ते जूनमध्ये. शेतकरी पाइपलाइन टाकून घेण्याचा हंगाम, कारखाना तिन्ही शिफ्टला चालतो. त्या काळात साहेब घाईने 'हो' म्हणतीलही. पण तो होकार मनात धरून ठेवला जातो, आणि पावसाळ्यात मशिनं थंडावली की त्याची वसुली होते. ऑफर आपल्या सोयीने येत नाही, हे खरंच. हंगामात आली तर निदान तोंडाने सांगून टाकावं की जे काही होईल ते हंगाम संपल्यावर, आणि नव्या कंपनीकडून रुजू होण्याची तारीख तशी मागून ठेवावी.

आता प्रत्यक्ष बोलणं. मी असं सुचवेन:

'साहेब, एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची होती. मला वाळूजच्या एका कंपनीचं पत्र आलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं असं वाटलं. मला इथेच बरं वाटतं, पण इथे माझं पुढे काय, ते कळलं तर मला ठरवायला सोपं जाईल.'

एवढंच. यात रक्कम नाही, तारीख नाही, 'नाहीतर' नाही. 'अजून हो म्हटलेलं नाही' हे वाक्य सोडू नये. ते नसलं की साहेब समजतात की निर्णय झालाय आणि आता फक्त भाव चाललाय. शेवटचं वाक्य प्रश्नासारखं आहे, आणि त्या प्रश्नाचं उत्तर साहेबांना देता येतं. 'पगार किती वाढवाल' याचं उत्तर त्यांच्या हातात नाही, ते शेठच्या हातात आहे. ज्याचं उत्तर देता येत नाही असा प्रश्न विचारला की माणूस चिडतो. 'पुढे काय' याचं उत्तर ते त्याच जागी सुरू करू शकतात: पदनाम, दुसऱ्या लाइनची जबाबदारी, रात्रपाळीतून सुटका, एप्रिलच्या आधी एक वेगळा आढावा. बऱ्याचदा पैशाचा विषय यातूनच, त्यांच्या तोंडून निघतो.

'बघा मग तुम्ही' आणि 'घरचे मागे लागलेत' ही दोन शेपटं मात्र टाळावीत. पहिल्यात उघड धमकी आहे. दुसऱ्यात स्वतःच्या मागणीची जबाबदारी आई-बायकोवर ढकललेली असते, आणि साहेब ते ओळखतात.

बोलून झालं की गप्प राहावं. इथे पुष्कळ जण घसरतात. साहेब दोन क्षण काही बोलत नाहीत, ती शांतता सहन होत नाही आणि मग आपणच आकडा सांगून टाकतो, किंवा 'नाही म्हणजे तसं काही नाही साहेब' म्हणत सगळं मागे घेतो. सही करून होऊ द्यावी.

मग उत्तर येतं. बहुधा: 'किती देऊन राहिलेत?' आकडा लपवू नये आणि फुगवूही नये. सीटीसी सांगू नये, महिन्याचा एकूण पगार सांगावा, कारण साहेबांच्या डोक्यात आपल्या पगारपत्रकाचा आकडा असतो: 'साहेब, महिन्याला पन्नासच्या आत आहे. पण तिकडे भाडं आहे, घर सोडावं लागणार, ते सगळं धरलं तर फरक एवढा राहत नाही. तेवढंच इथे मिळावं असं माझं म्हणणं नाही.' हे शेवटचं वाक्य खरं असलं तर फार काम करतं. साहेबांना लगेच कळतं की ही गोष्ट आटोक्यातली आहे. त्यांनी पुढे 'मग तुझ्या मनात किती?' विचारलं तरच ४३,००० चा आकडा काढावा, आणि बेसिकचाही उल्लेख करावा, नाहीतर वाढ सगळी भत्त्यात टाकली जाते आणि पीएफ-ग्रॅच्युइटी जागच्या जागी राहते.

'कोणती कंपनी?' यावर थोडं जपून. आपल्याच धंद्यातली असेल तर नाव सांगू नये, फोन फिरतात. 'पाइपमधली नाही साहेब, ऑटोमधली आहे' एवढं खरं असेल तर पुरतं. आणि पत्राची पीडीएफ कोणालाही पाठवू नये. त्यात गोपनीयतेची अट बहुधा असतेच, आणि पाठवलेला कागद कुठे कुठे जातो यावर आपला ताबा राहत नाही. साहेबांनी फारच आग्रह धरला तर मोबाइलवर उघडून दाखवावं, देऊ मात्र नये.

'जा मग, चांगलं आहे' असं साहेब म्हणाले तर? हे नेहमी रागाचं नसतं. कधी ते मनापासून असतं, कधी परीक्षा असते. दोन्हीला एकच उत्तर चालतं: 'अजून ठरलं नाही साहेब, म्हणूनच तुम्हाला विचारलं.' वाद घालू नये, लगेच राजीनामाही काढू नये. आणि साहेब खरंच तापले तर विषय तिथेच ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला ते स्वतः विषय काढतात का बघावं.

'मी बोलतो शेठशी' हे उत्तर आलं तर तारीख सांगायची ती आता, आणि विचारल्यासारखी: 'मला त्यांना पुढच्या शुक्रवारी कळवायचंय साहेब. बुधवारपर्यंत काही अंदाज येईल का?' दोन दिवस आपल्या हातात राहतात. मध्ये रोज विचारू नये. सोमवारी एकदा, तेही दुसऱ्या कामाच्या बोलण्यात, एवढं पुरे.

गोष्ट बिघडत चालली आहे हे ओळखण्याच्या खुणा असतात. तुमच्या शेजारी अचानक एक ज्युनिअर बसवला जातो आणि 'याला हायड्रोस्टॅटिक टेस्ट शिकव, रिव्हर्शन टेस्ट शिकव' सांगितलं जातं. पुरवठादाराच्या बैठकीला तुमच्याऐवजी दुसरा जातो. एचआर तुमच्या रजा किती शिल्लक आहेत ते विचारते. यातली एक खूण असेल तर योगायोग म्हणता येईल. दोन-तीन एकत्र दिसल्या तर वरती निर्णय झालेला आहे, आणि आता इथला आकडा वाढला तरी तो नवीन माणूस तयार होईपर्यंतचाच असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मी वाळूजला जायला सांगेन.

उलट गोष्ट जमली, तर ती कागदावर येईपर्यंत जमलेली धरू नये. 'एप्रिलमध्ये बघू तुझं' हे आश्वासन देताना साहेब प्रामाणिकच असतात. पण एप्रिलपर्यंत साहेब बदलतात, कापसाचा भाव पडून पाइपची मागणी बसते, शेठचं मन बदलतं. म्हणून हसतच म्हणावं, 'साहेब, एचआरकडून दोन ओळींचं मेल आलं तर मी त्यांना आजच नाही कळवतो.' नवा एकूण पगार, नवं बेसिक आणि कुठल्या महिन्यापासून, एवढ्या तीन गोष्टी त्यात हव्यात. पगाराऐवजी एकरकमी रक्कम देऊ केली तर ती ठराविक काळ न राहिल्यास परत करावी लागेल का, ते वाचून घ्यावं.

काही ठिकाणी हे सगळं करूच नये. प्रोबेशनवर असाल, सहा महिन्यांपूर्वीच वाढ किंवा पद मिळालं असेल, बाँड चालू असेल, किंवा गेल्या दोन वर्षांत एकदा याच मार्गाने वाढ घेतली असेल, तर ऑफरचं नाव काढल्याने आहे तेही जातं. आणि जिथे मध्ये साहेब नाहीत, थेट शेठच समोर बसतात, तिथेही शक्यतो नाही. डाळ मिलमध्ये, छोट्या चटई युनिटमध्ये, सराफी पेढीवर मालक माणसाला घरचा धरतो, अडीनडीला उचल देतो, लग्नाला येतो. तिथे 'मला दुसरीकडून पत्र आलंय' याचा पगाराशी संबंध नसलेला अर्थच आधी ऐकला जातो. अशा ठिकाणी पत्र खिशात ठेवून फक्त कामाचं आणि पगाराचं बोलावं, आणि जमलं नाही तर रीतसर निघावं.

राहायचं ठरलं तर शुक्रवारची वाट न बघता, मेल हातात आलं त्याच दिवशी वाळूजच्या एचआरला आधी फोन, मग दोन ओळींचं मेल: पत्राबद्दल आभार, सध्या घर आणि इथली जबाबदारी बघता येणं जमत नाही, कळवायला वेळ दिलात त्याबद्दल धन्यवाद. इथे पगार वाढला म्हणून नाही म्हणतोय, हे लिहू नये. आणि 'हो' म्हणून नंतर रुजू न होण्याचा मार्ग तर चुकूनही घेऊ नये. कन्सल्टंट तोच असतो, आणि दोन वर्षांनी नाशिकच्या सातपूर-अंबडला अर्ज टाकला की तोच फोन उचलतो.